मुलाखतीच्या वेळी वायफाय सोडा, तार जोडा

सन २००८च्या जानेवारी महिन्यात अ‍ॅपल कंपनीने 'मॅकबुक एअर' हा अत्यंत सडपातळ लॅपटॉप बाजारात आणला, तेव्हा त्यात इथरनेटची केबल जोडण्याची जागाच नव्हती. ज्यांना ती हवी त्यांनी यूएसबीला जोडायचे अडॅप्टर वेगळे विकत घ्यावे, अशी व्यवस्था होती. चार वर्षांनी, २०१२ साली, रेटिना पडद्याच्या 'मॅकबुक प्रो'मधूनही हे पोर्ट गेले आणि पुढे इतर कंपन्यांच्या बहुतेक सडपातळ लॅपटॉपांनी तोच मार्ग धरला. कारण साधे होते. टेलिफोनच्या खटकीसारखा परंतु थोडा रुंद असणारा 'आरजे-४५' हा जोड लॅपटॉपच्या कडेपेक्षा जाड ठरू लागला होता. घरोघरी वायफाय आल्यामुळे या पोर्टाची उणीव फारशी कोणाला जाणवली नाही.

ती जाणवू लागली २०२० नंतर. टाळेबंदीच्या काळात कार्यालयीन बैठका, शाळेचे तास, नोकरीच्या मुलाखती आणि प्रबंधाच्या तोंडी परीक्षा लॅपटॉपच्या पडद्यावर आल्या आणि त्यांतील अनेक गोष्टी नंतरही तेथेच राहिल्या. अशा वेळी नेमक्या उत्तराच्या क्षणी आवाज तुटतो, चेहरा गोठतो आणि समोरची व्यक्ती 'आपला आवाज येत नाही' असे सांगू लागते. वेगाची चाचणी घ्यावी तर आकडा उत्तम दिसतो, चित्रपटही विनाअडथळा चालतो. मग संभाषणच का तुटते? या प्रश्नाचे उत्तर समजले, तर काहीशे रुपयांचे अडॅप्टर केव्हा उपयोगी पडेल आणि केव्हा ते पैसे वाया जातील, हे आपसूक कळते.

वेग पुरेसा, पण नियमितपणा नाही

बोललेला आवाज इंटरनेटवरून सलग जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र पाकिटातून रवाना होतो. व्हिडिओ कॉलच्या प्रणालींत एका पाकिटात बहुधा वीस मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा, आवाज असतो. याचा अर्थ दर सेकंदाला पन्नास पाकिटे क्रमाने आणि सारख्या अंतराने पोहोचायला हवीत. आवाजाला लागणारा वेग यात अगदीच थोडा आहे. चित्र धरूनही एका कॉलला सेकंदाला दोन-चार मेगाबिट पुष्कळ होतात. ज्या घरात १०० मेगाबिटची जोडणी आहे, तेथे वेग हा प्रश्नच नसतो.

प्रश्न असतो तो उशिराचा. चित्रपट पाहताना प्रणाली पुढचा कित्येक सेकंदांचा भाग आधीच उतरवून ठेवते. वाटेत एखादे पाकीट हरवले, तर ते पुन्हा मागवायला तिच्याकडे भरपूर अवधी असतो आणि प्रेक्षकाला त्याचा पत्ताही लागत नाही. फाइल उतरवताना तर दोन सेकंदांचा खंड कोणाच्या लक्षातही येत नाही. वेगाची चाचणीही काही सेकंदांची सरासरी सांगते, त्यामुळे अधूनमधून पडणारे खळगे त्या सरासरीत बुजून जातात.

संभाषणाला ही चैन परवडत नाही. समोरच्याचे बोलणे पाच सेकंद साठवून मग ऐकवले, तर तो संवाद राहत नाही. म्हणून कॉलची प्रणाली काही दशांश सेकंदांपलीकडे थांबत नाही. त्या मुदतीत जे पाकीट आले नाही, ते नंतर आले तरी फेकून दिले जाते. आवाजातील मधला तुकडा मग अंदाजाने भरला जातो. एखाद-दुसरे पाकीट गेले तर कानाला कळत नाही; सलग दहा-पंधरा गेली की शब्दच गिळला जातो आणि 'नाही' हा शब्द गळालेले वाक्य नेमके उलट अर्थाचे होऊन पोहोचते. पाकिटांच्या येण्यातील या चढउताराला तंत्रज्ञ 'जिटर' म्हणतात. संभाषणाचा खरा शत्रू हाच होय.

हवेतील गर्दी

वायफायमध्ये हा चढउतार मुळातच असतो. हवेतील एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. म्हणून प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेते, वाट मोकळी दिसली की क्षणभर थांबते आणि मग आपले पाकीट सोडते. ते पोहोचल्याची पोच न मिळाल्यास पुन्हा पाठवते, पुन्हा न मिळाल्यास वेग कमी करून पाठवते. हे सारे इतक्या शिताफीने चालते की बहुतेक पाकिटे अखेरीस पोहोचतात, मात्र एखादे तीन मिलिसेकंदांत तर त्याच्या पाठचे तीनशे मिलिसेकंदांत.

घर स्वतंत्र आणि मोकळे असेल तर हा खोळंबा नगण्य असतो. परंतु शहरांतील निवासी इमारतींची स्थिती वेगळी आहे. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेले तीनच मानली जातात, ती म्हणजे १, ६ आणि ११. एका मजल्यावर चार सदनिका, त्यांच्या वर-खाली तितक्याच; म्हणजे डझनभर राऊटर त्या तीन चॅनेलांत दाटीवाटीने बसलेले असतात. शेजारचा राऊटर आपल्या परवलीच्या शब्दाने बंद असला, तरी त्याचे बोलणे हवेत आहेच आणि आपल्या लॅपटॉपला त्याच्यासाठी थांबावेच लागते. मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही याच पट्ट्यात येते.

ब्लूटूथचा हेडफोनही याच पट्ट्यात चालतो, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. लॅपटॉपमधील वायफाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच चिपवर असतात आणि आळीपाळीने हवेचा वापर करतात. त्यामुळे लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवर असताना कानाला ब्लूटूथ हेडफोन लावला, की एकाच कॉलचे दोन भाग एकमेकांशीच स्पर्धा करू लागतात.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा प्रशस्त आहे, तेथे चॅनेलेही अधिक आहेत. मात्र त्याच्या लहरी भिंतीत लवकर क्षीण होतात. दिवाणखान्यातील राऊटरजवळ तो उत्तम चालतो. दोन भिंती ओलांडून शेवटच्या खोलीत गेल्यावर लॅपटॉप मुकाट्याने २.४वर उतरतो आणि नेमकी शांतता हवी म्हणून मनुष्य बसतो तो त्या शेवटच्या खोलीतच.

तारेत यातले काहीच नाही. इथरनेटची तार लॅपटॉप आणि राऊटर या दोघांचीच असते आणि दोघेही एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलू शकतात. कानोसा घेणे, थांबणे, पुन्हा पाठवणे हा व्यवहारच तेथे उरत नाही.

दोष कोणत्या टप्प्यात?

तथापि, अडॅप्टर विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट तपासणे अगत्याचे आहे. आवाजाचे पाकीट दोन टप्प्यांत प्रवास करते. पहिला टप्पा लॅपटॉपपासून घरातील राऊटरपर्यंतचा आणि दुसरा राऊटरपासून बाहेरच्या जगापर्यंतचा. तार केवळ पहिला टप्पा सुधारते. दोष दुसऱ्या टप्प्यात असेल, तर सोन्याची तार जोडूनही उपयोग नाही.

ही परीक्षा घरच्या घरी आणि फुकट करता येते. विंडोजमध्ये Command Prompt उघडावा आणि प्रथम `ipconfig` ही आज्ञा द्यावी. Default Gateway या नावापुढे जो आकडा दिसतो, तो राऊटरचा पत्ता होय. तो बहुधा 192.168.1.1 किंवा त्यासारखा असतो. त्यानंतर पुढील दोन आज्ञा एकामागून एक द्याव्यात.

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

पहिली आज्ञा राऊटरला शंभर हाका मारते आणि प्रत्येकीचे उत्तर किती मिलिसेकंदांत आले ते सांगते. दुसरी तेच काम गुगलच्या सार्वजनिक सर्व्हरबाबत करते. मॅकवर -n ऐवजी -c लिहावे लागते. प्रत्येक चाचणीला दीड-दोन मिनिटे लागतात. लॅपटॉप स्वस्थ असताना वायफायचा भाग वीज वाचवण्यासाठी डुलक्या घेतो आणि आकडे उगाच वाढलेले दिसतात, म्हणून चाचणी चालू असताना शेजारी एखादा व्हिडिओ कॉल सुरू ठेवणे अधिक योग्य. त्याचप्रमाणे ज्या खोलीत आणि ज्या वेळी प्रत्यक्ष कॉल होणार, त्याच जागी व त्याच सुमारास ती घ्यावी.

शेवटी येणाऱ्या गोषवाऱ्यात सरासरीपेक्षा दोन आकडे महत्त्वाचे. एक, Maximum, म्हणजे सर्वांत उशिरा आलेले उत्तर. दुसरा, Lost, म्हणजे हरवलेल्या हाका. राऊटरच्या चाचणीतच हे आकडे मोठे असतील, तर दोष घरातील हवेत आहे आणि तारेने तो जाईल. राऊटरची उत्तरे दोन-चार मिलिसेकंदांत नियमित येत असतील, परंतु बाहेरची चाचणी उसळत असेल, तर दोष दुसऱ्या टप्प्यात आहे. एखाद-दुसऱ्या उसळीला मात्र महत्त्व देऊ नये, कारण राऊटर स्वतःच्या इतर कामांत गुंतला असला तर हाकेला उत्तर देणे तो मागे ठेवतो.

एक उदाहरण

एक कल्पित परंतु नेहमी आढळणारी परिस्थिती घेऊ. पुण्यातील दोन शयनगृहांची सदनिका. फायबरचा राऊटर प्रवेशद्वाराजवळ, टीव्हीच्या कपाटावर. घरातील मुलीची शनिवारी सकाळी अकरा वाजता नोकरीची मुलाखत आहे आणि ती मागच्या खोलीतून देणार आहे. आधीच्या फेरीत तिचा आवाज तीनदा तुटला होता. वेगाच्या चाचणीत आकडा ६० मेगाबिट येतो.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास मागच्या खोलीतून राऊटरला शंभर हाका मारल्या. किमान उत्तर २ मिलिसेकंदांत आले, कमाल ३४० मध्ये, आणि ४ हाका हरवल्या. राऊटर अवघा दहा मीटरवर असताना उत्तराला ३४० मिलिसेकंद लागावेत, याचा अर्थ पाकीट हवेत पुन्हा पुन्हा पाठवावे लागत आहे. लॅपटॉप कोणत्या पट्ट्यावर आहे हे पाहण्यासाठी पुढील आज्ञा दिली.

```
netsh wlan show interfaces
```

त्यात Channel पुढे 6 हा आकडा दिसला. म्हणजे लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवर उतरला होता. ५ गिगाहर्ट्झचे चॅनेल असते तर आकडा 36 किंवा त्याहून मोठा दिसला असता.

मग पंधरा मीटरची केबल आणि यूएसबीचे अडॅप्टर आणले. केबल दाराच्या चौकटीच्या कडेने नेऊन लॅपटॉपला जोडली आणि वायफाय बंद केले. राऊटरची चाचणी पुन्हा घेतली तेव्हा जवळजवळ प्रत्येक उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत आले, कमाल २ होते आणि एकही हाक हरवली नाही. पहिला टप्पा स्वच्छ झाला.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. बाहेरच्या सर्व्हरची चाचणी घेतली तेव्हा बहुतेक उत्तरे ८ ते १० मिलिसेकंदांत आली, पण मध्येच सलग वीस सेकंद ती २०० च्या घरात गेली. घरात चौकशी केल्यावर कळले की भावाच्या फोनमधून छायाचित्रे साठवणीसाठी वर चढत होती. फोनने वर पाठवण्याची सारी वाट अडवली, की राऊटरपाशी पाकिटांची रांग लागते आणि कॉलची पाकिटे त्या रांगेत उभी राहतात. लॅपटॉप तारेने जोडला आहे की हवेने, याला तेथे काही अर्थ नसतो. मुलाखतीच्या तासापुरती ती छायाचित्रांची साठवण थांबवणे हाच त्यावरील उपाय. काही राऊटरांत कॉलच्या पाकिटांना प्राधान्य देण्याची सोय असते, तीही येथे उपयोगी पडते.

दोन टप्पे वेगळे न तपासता तार जोडली असती, तर 'केबल लावूनही आवाज तुटतोच' असा निष्कर्ष निघाला असता आणि अडॅप्टर दोषी ठरून परत गेले असते.

अडॅप्टर निवडताना

अडॅप्टर म्हणजे बोटभर लांबीची एक डबी असते. तिच्या एका टोकाला यूएसबीची खटकी, दुसऱ्या टोकाला आरजे-४५ची जागा आणि आत एक चिप. बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात. पहिली १०० मेगाबिटची, जी जुन्या यूएसबी २.० वर चालते आणि काहीशे रुपयांना मिळते. दुसरी एक गिगाबिटची, जिला यूएसबी ३.० लागते. २.५ गिगाबिटचीही अडॅप्टरे निघाली आहेत, पण त्यांना साजेसा राऊटर घरी क्वचितच असतो.

केवळ कॉलसाठी विचार केला तर १०० मेगाबिटचे अडॅप्टर पुरून उरते. कॉलला लागतात दोन-चार मेगाबिट. बाकीचे रिकामेच राहणार. घरातील जोडणी १०० मेगाबिटपेक्षा वेगवान असेल आणि मोठ्या फायलीही उतरवायच्या असतील, तरच गिगाबिटचा खर्च सार्थकी लागतो. त्यातही राऊटरच्या मागील पोर्टाची क्षमता पाहावी. अनेक स्वस्त राऊटरांचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात. तसेच गिगाबिटचे अडॅप्टर यूएसबी २.० च्या जागेत खोचले, तर सुमारे ३०० मेगाबिटपलीकडे ते जात नाही. यूएसबी ३.० ची जागा आतून बहुधा निळी असते किंवा तिच्याशेजारी 'एसएस' अशी अक्षरे असतात.

येथे एका गैरसमजापासून सावध राहावे. टाइप-सी हे खटकीच्या आकाराचे नाव आहे, वेगाचे नव्हे. टाइप-सी खटकीच्या डबीत १०० मेगाबिटची चिपही असू शकते. म्हणून वेष्टनावर '10/100' लिहिले आहे की '10/100/1000', हे पाहावे. शेवटचा आकडाच खरी क्षमता सांगतो.

चिप कोणती आहे यालाही महत्त्व आहे. या व्यवसायात रिअलटेक आणि एसिक्स या दोन तैवानी कंपन्यांच्या चिप सर्वाधिक दिसतात. रिअलटेकची RTL8153 आणि एसिक्सची AX88179 या गिगाबिटच्या प्रचलित चिप होत. लिनक्समध्ये दोन्हींसाठी लागणारे ड्रायव्हर आधीपासून आहेत आणि विंडोज १० व ११ वर ते बहुधा आपोआप बसतात. वेष्टनावर चिपचे नाव नसलेल्या अगदी स्वस्त डब्यांसोबत कधीकधी ड्रायव्हरची लहानशी सीडी येते. सीडी चालवण्याची सोय लॅपटॉपमध्ये नसते आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागते, असा पेच मग उभा राहतो. यासाठी अडॅप्टर पहिल्यांदा जोडताना वायफाय चालू ठेवावे आणि ड्रायव्हर बसल्यावरच ते बंद करावे. हा पहिला प्रयोग मुलाखतीच्या दिवशी करू नये, हे सांगणे न लगे.

पडदा, पेनड्राइव्ह आणि केबल अशा अनेक जोडण्या एकत्र देणारे हबही मिळतात. ते सोयीचे खरे, परंतु त्यांची एकच खटकी सैल झाली की कॅमेरा, माइक आणि इंटरनेट सारे एकदम जाते. महत्त्वाच्या कॉलला स्वतंत्र अडॅप्टर अधिक भरवशाचे.

केबलची परीक्षा

केबलच्या आत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यांपैकी दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे एखादी तार आतून तुटली, तर जोडणी पूर्ण बंद न पडता अनेकदा मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरते. हे ओळखण्यासाठी PowerShell मध्ये पुढील आज्ञा द्यावी.

```
Get-NetAdapter
```

यात LinkSpeed या रकान्यात 1 Gbps किंवा 100 Mbps असे दिसते. राऊटर आणि अडॅप्टर दोन्ही गिगाबिटची असूनही 100 Mbps दिसले, तर संशय केबलवर घ्यावा. 10 Mbps दिसले तर केबल बदलावीच. बाजारात 'कॅट ५ई' अथवा 'कॅट ६' असे छापलेली, शुद्ध तांब्याची केबल मागावी. स्वस्त केबलींत तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम असते. ते वाकवले की लवकर तुटते. तांब्याची केबल मानकानुसार १०० मीटरपर्यंत चालते, तेव्हा घरातील अंतराची चिंता नको. दाराच्या फटीत ती रोज चेपली जाणार नाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय अडकणार नाही, एवढे पाहिले म्हणजे झाले. टोकाची प्लॅस्टिकची जिभळी तुटलेली केबल कॉलसाठी वापरू नये. लॅपटॉप जरा हलला की ती निसटते.

जोडूनही तुटले तर

तार जोडल्यावरही लॅपटॉप वायफायवरूनच बोलत आहे, असे कधीकधी घडते. दोन्ही मार्ग चालू असताना कोणता घ्यायचा हे संगणक आपल्या हिशेबाने ठरवतो. १०० मेगाबिटचे अडॅप्टर आणि त्याहून वेगवान आकडा दाखवणारे वायफाय अशी जोडी असेल, तर तो वायफायकडे झुकू शकतो. कॉलपूर्वी वायफाय बंद करणे हा यावरचा सोपा आणि खात्रीचा उपाय होय.

दुसरी तक्रार असते ती दर काही मिनिटांनी जोडणी क्षणभर जाऊन परत येण्याची. वीज वाचवण्यासाठी विंडोज अडॅप्टरला झोपवते, हे त्यामागील एक कारण. Device Manager उघडून Network adapters खाली अडॅप्टरचे नाव शोधावे, Properties मधील Power Management या पानावर जावे आणि 'Allow the computer to turn off this device to save power' यापुढील खूण काढावी. गिगाबिटची डबी वापरताना कोमट होते, ते स्वाभाविक आहे.

तिसरी गोष्ट चमत्कारिक वाटेल अशी आहे. अडॅप्टर लावल्यावर बिनतारी माऊस अडखळू लागतो. यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो, हे इंटेल कंपनीने २०१२ साली एका टिपणात दाखवून दिले आहे. माऊसची लहान खटकी अडॅप्टरला चिकटून असेल, तर ती लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावावी. एवढ्याने बहुधा भागते.

कार्यालयात किंवा वसतिगृहात अडॅप्टर लावूनही इंटरनेट मिळाले नाही, तर ते बिघडलेले असेलच असे नाही. प्रत्येक अडॅप्टरला स्वतःचा एक ओळख-क्रमांक असतो आणि काही ठिकाणी नोंदलेल्या क्रमांकांनाच प्रवेश मिळतो. नवा क्रमांक तेथील व्यवस्थापकाकडे नोंदवावा लागतो.

पावसाळ्यातील एक दक्षताही सांगायला हवी. अजूनही काही इमारतींत केबलचालकाची तांब्याची तार गच्चीवरून थेट घरात येते. विजा चमकताना तिच्यातून येणारा विद्युतदाबाचा झटका जोडलेल्या उपकरणाचे पोर्ट जाळू शकतो. अशी तार राऊटरलाच जोडावी, थेट लॅपटॉपला नव्हे. आणि गडगडाट सुरू झाल्यास ती काढून ठेवावी. घरापर्यंत फायबर आले असेल तर हा धोका पुष्कळ कमी होतो, कारण काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही.

केबल केव्हा नको

राऊटर त्याच खोलीत आहे, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर आहे आणि राऊटरच्या चाचणीत कमाल आकडा वीस-तीसच्या आत राहतो, अशा घरात केबलीने कॉलमध्ये जाणवण्याजोगा फरक पडणार नाही. बाहेरची जोडणीच संध्याकाळी मंदावते, तेथेही नाही. तो प्रश्न सेवा देणाऱ्या कंपनीकडे न्यावा लागतो आणि तेव्हा तारेने जोडून घेतलेल्या दोन्ही चाचण्यांचे आकडे हाती असणे उपयोगी ठरते. कारण 'तुमच्या वायफायचा दोष असेल' हे ठरलेले उत्तर मग देता येत नाही. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राऊटर बंद पडतो आणि तारही निरुपयोगी होते. राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस तेथे अडॅप्टरपेक्षा अधिक मोलाचा.

याउलट, राऊटर दोन भिंतींपलीकडे आहे, इमारत दाटीची आहे, कानाला ब्लूटूथ हेडफोन आहे आणि तासभर अखंड बोलायचे आहे, अशा वेळी तारेला पर्याय नाही. केबल नेणे शक्यच नसेल, तर निदान त्या तासापुरते राऊटरच्या खोलीत बसावे आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडून घ्यावा. शनिवारच्या मुलाखतीसाठी गुरुवारी चाचणी घेतली, तर शुक्रवारी केबल आणि अडॅप्टर आणायला एक दिवस हाती राहतो.